सरासरी, मध्यक आणि रस्सीखेच : नेटवर्कला आधी प्रश्न नीट विचारा



नववी-दहावीच्या सांख्यिकीत आपण मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवतो. मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. उदाहरणे सोडवून होतात, गुण मिळतात आणि प्रकरण संपते. पुढे हीच मुले पदविकेला, इंजिनिअरिंगला जातात आणि न्यूरल नेटवर्कचा प्रोजेक्ट करतात. घराची किंमत, उद्याचा पाऊस, बसला लागणारा वेळ, असा कुठला तरी आकडा नेटवर्ककडून काढून घ्यायचा असतो. तिथे लॉस फंक्शन निवडायची वेळ आली की शंभरातली बहुतेक मुले चुकीच्या वर्गांची सरासरी, म्हणजे एमएसई, डोळे झाकून लावतात. का लावली असे विचारले तर उत्तर येते, "सर, सगळीकडे तीच असते."

हे मला पटत नाही. लॉस फंक्शन ही सेटिंगमधली किरकोळ गोष्ट नव्हे. आपण नेटवर्कला नेमका कोणता प्रश्न विचारतोय, ते लॉसवरून ठरते. एमएसई लावली की प्रश्न होतो "सरासरी किती?" आणि आपल्याला सरासरी हवी होती का, हे कुणी विचारलेलेच नसते. आज ह्यूबर लॉस आणि क्वांटाइल लॉस या दोन पर्यायांबद्दल लिहितो. दोन्ही समजायला नववीचे गणित पुरते.

एक छोटे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी मी बनवलेले आहेत. शाळेच्या बसला एका थांब्यापासून शाळेपर्यंत दहा दिवसांत लागलेली मिनिटे अशी :

३१, २९, ३२, ३०, ३३, २८, ३१, ३०, ३४, ११२

शेवटच्या दिवशी झाड पडून रस्ता बंद होता असे समजा. आता नेटवर्कच्या दृष्टीने हे दहाही दिवस सारखेच आहेत, म्हणजे वार, निघण्याची वेळ, मार्ग सगळे एकच. त्यामुळे त्याला दहाही दिवसांसाठी एकच उत्तर द्यावे लागणार. कोणते देईल?

वर्गात मी याला रस्सीखेच म्हणतो. प्रत्येक दिवस उत्तराला आपल्याकडे ओढतो, आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा झाला की उत्तर थांबते. लॉस फंक्शन फक्त एवढेच ठरवते की कुणी किती जोराने ओढायचे.

एमएसईमध्ये जो जितका लांब, तितका त्याचा जोर जास्त. उत्तर ३१ वर असेल तर ११२ वाला दिवस ८१ च्या जोराने ओढतो. उरलेल्या नऊ जणांचा मिळून उलट दिशेचा निव्वळ जोर भरतो फक्त १. मग काय होणार? उत्तर सरकत सरकत ३९ वर जाते. तिथे एका बाजूला तो एकटा ७३ च्या जोराने ओढतोय आणि दुसऱ्या बाजूला नऊ जण मिळून ७३ ने. ३९ ही अर्थातच या दहा आकड्यांची सरासरी. पण बघा, दहापैकी एकाही दिवशी बसला ३९ मिनिटांच्या आसपास वेळ लागलेला नाही. पालकांना "बस ३९ मिनिटांत पोहोचते" असे सांगितले तर ते नऊ दिवस चुकीचे आणि दहाव्या दिवशीही चुकीचेच.

आता नियम बदलू. लांब असो की जवळ, प्रत्येकाने सारख्याच जोराने ओढायचे. ही झाली निरपेक्ष चुकीची सरासरी, म्हणजे एमएई. इथे तोल तेव्हाच साधतो जेव्हा दोन्ही बाजूंना माणसे सारखी असतात. म्हणजे अर्धे वर, अर्धे खाली, म्हणजेच आपला मध्यक! आपल्या दहा दिवसांचा मध्यक ३१. ११२ च्या जागी ११२० लिहिले तरी ३१ च राहील.

मग सरळ एमएईच का नको? दोन अडचणी आहेत. पहिली, उत्तर जवळ आले तरी ओढण्याचा जोर कमी होत नाही, त्यामुळे शिकताना नेटवर्क शेवटी शेवटी उत्तराच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारत राहते. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. माहिती स्वच्छ असेल, चुका घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्रात बसत असतील, तर मध्यक माहिती वाया घालवतो. सरासरी १०० नोंदींतून जेवढा भरवशाचा अंदाज देते, तेवढा द्यायला मध्यकाला साधारण १५७ नोंदी लागतात.

इथे ह्यूबर येतो. पीटर ह्यूबर या स्विस संख्याशास्त्रज्ञाने १९६४ च्या निबंधात जो मार्ग मांडला, तो रस्सीखेचीच्या भाषेत असा : जवळच्यांनी अंतराच्या प्रमाणात ओढावे, पण एका मर्यादेपलीकडे कुणाचाही जोर वाढू नये. ती मर्यादा म्हणजे डेल्टा. आपल्या उदाहरणात डेल्टा ३ मिनिटे धरू. उत्तर कुठे थांबते? ३१.२५ वर. पडताळून बघा. वरच्या बाजूला ३२, ३३, ३४ हे दिवस ०.७५, १.७५ आणि २.७५ ने ओढतात आणि ११२ वाला जास्तीत जास्त ३ ने. एकूण ८.२५. खालच्या बाजूला २८ वाला ३.२५ लांब आहे, पण त्यालाही मर्यादा ३ ची. २९ वाला २.२५ ने, दोन ३० वाले मिळून २.५ ने, दोन ३१ वाले मिळून ०.५ ने. एकूण पुन्हा ८.२५. मुलांना हे फळ्यावर करायला लावा, दहा मिनिटांचे काम आहे.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. ११२ वाल्या दिवसाला आपण बाहेर काढलेले नाही. तोही रस्सीला हात लावून आहे, फक्त त्याची दादागिरी चालत नाही. "सर, आउटलायर काढून टाकले," असे अभिमानाने सांगणाऱ्या मुलांना मी हेच सांगतो. नोंद पुसणे हा तुमचा निर्णय झाला आणि तो वहीत कुठे दिसत नाही. ह्यूबर लावला तर निर्णय डेल्टाच्या रूपात सगळ्यांसमोर असतो.

पण हा डेल्टा कुठून आणायचा? प्रोजेक्ट फसतात ते इथेच. पायटॉर्चमध्ये `nn.HuberLoss` लिहिले की `delta` आपोआप १.० असतो. हा १ कशाचा? तुमच्या उत्तराच्या एककाचा. घराची किंमत रुपयांत असेल तर तो एक रुपया. मग प्रत्येक घर मर्यादेच्या बाहेर, आणि ह्यूबर म्हणून लावलेला लॉस प्रत्यक्षात एमएई होऊन बसतो. उलट मुले बऱ्याचदा आधी माहितीचे प्रमाणीकरण करतात, म्हणजे सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागतात. मग १ म्हणजे एक प्रमाण विचलन. ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण आपल्या दहा आकड्यांचे प्रमाण विचलन काढा, ते २४.४ मिनिटे येते! ज्या झाडामुळे गडबड झाली, त्यानेच मोजपट्टी ताणून ठेवली. या डेल्टाने उत्तर ३३.६ येते. सरासरीपेक्षा बरे, पण नऊपैकी आठ दिवसांपेक्षा जास्तच.

म्हणून मोजपट्टीही न ताणणारी घ्यावी. प्रत्येक दिवसाचे मध्यकापासूनचे अंतर काढा आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक घ्या. आपली अंतरे चढत्या क्रमाने ०, ०, १, १, १, २, २, ३, ३, ८१, म्हणजे मध्यक १.५. याला १.४८२६ ने गुणले की नॉर्मल वक्राच्या हिशेबाने प्रमाण विचलनासारखा आकडा मिळतो, २.२२. त्याला १.३४५ ने गुणायचे. हा आकडा ठरलेला आहे, कारण तो घेतला तर स्वच्छ माहितीवर ह्यूबर सरासरीच्या ९५ टक्के कार्यक्षमतेने चालतो. १०० ऐवजी साधारण १०५ नोंदी लागतात, एवढेच. आपले उत्तर येते २.९९. मघाशी डेल्टा ३ धरला तो असाच. नेटवर्कच्या बाबतीत हीच अंतरे नेटवर्कच्या चुकांवरून काढायची, मूळ आकड्यांवरून नव्हे.

डेल्टा बरोबर बसला का, हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रशिक्षण झाल्यावर किती टक्के चुका डेल्टापेक्षा मोठ्या आहेत ते मोजा. जवळजवळ सगळ्याच असतील तर तुम्ही एमएई चालवताय. एकही नसेल तर एमएसई चालवताय. दोन्ही वेळा अहवालात "ह्यूबर वापरला" असे लिहिलेले असते, गंमत म्हणजे.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. ह्यूबर उत्तरातल्या गडबडीपासून वाचवतो, इनपुटमधल्या नाही. कुणी अंतर ३० किलोमीटरच्या जागी ३०० टाईप केले तर पहिल्या थरात चुकीचा जोर त्या मोठ्या इनपुटने गुणला जातो, आणि डेल्टाची मर्यादा तिथे पुरत नाही. इनपुटच्या नोंदी वेगळ्या तपासाव्याच लागतात.

आता माझ्या मते सर्वात महत्त्वाचा मुद्दा. ह्यूबर लावायचा की नाही, हे आकड्यांकडे बघून ठरत नाही. उत्तर कशासाठी हवे, यावर ते ठरते. दहा दिवसांत बस एकूण किती वेळ रस्त्यावर होती, यावरून चालकाचा पगार काढायचा असेल तर? खरी बेरीज ३९० मिनिटे. सरासरीला दहाने गुणा, ३९० बरोबर येते. ह्यूबरचे ३१.२५ दहाने गुणले तर ३१२.५. साडेसत्त्याहत्तर मिनिटे गायब! झाड पडले त्या दिवशी चालक गाडीत बसूनच होता ना? तिथे एमएसईच योग्य, कारण प्रश्नच सरासरीचा आहे.

पावसाच्या बाबतीत तर हे जिवावर बेतू शकते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच काळात कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. आउटलायर शोधणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला ९४४ हा टायपिंगचा घोटाळा वाटेल, शेजारच्या केंद्राशी तुलना केली तर जास्तच. पण तो पाऊस खरा होता. पुराचा अंदाज देणाऱ्या नेटवर्कला ह्यूबर लावला तर आपण त्याला सांगतोय की असल्या दिवसांकडे फार लक्ष देऊ नकोस. आणि एमएई लावली तर आणखी मजा. आपल्याकडे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस कोरडे असतात, तेव्हा नुसती तारीख-ठिकाण न पाहता वर्षभराचा मध्यक शून्य येतो. रोज "पाऊस नाही" म्हणणारे नेटवर्क त्या लॉसच्या नजरेत हुशार ठरते.

म्हणजे चुकीची नोंद आणि दुर्मीळ पण खरी घटना यांत फरक करायचे काम ह्यूबर करत नाही. ते माणसालाच करावे लागते.

आता पालकांच्या बाजूने विचार करू. मुलाला थांब्यावर सोडणाऱ्या आईला ३१ मिनिटे की ३९ मिनिटे, यात फारसा रस नसतो. तिला विचारायचे असते, "जास्तीत जास्त किती उशीर धरून चालू?" हा सरासरीचाही प्रश्न नाही आणि मध्यकाचाही नाही. एमएचटी-सीईटीच्या निकालामुळे पर्सेंटाइल हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. ९० पर्सेंटाइल म्हणजे साधारण शंभरातले नव्वद जण तुमच्या खाली किंवा बरोबरीला. आईला बसच्या वेळेचा असाच पर्सेंटाइल हवा आहे. क्वांटाइल लॉस नेमका तोच शोधतो. त्याचा पाया रॉजर कोएंकर आणि गिल्बर्ट बॅसेट यांनी १९७८ मध्ये अर्थशास्त्राच्या अंगाने घातला.

पुन्हा रस्सीखेच. एमएईमध्ये सगळे सारखे ओढत होते. आता ८० वा पर्सेंटाइल हवा असेल तर उत्तराच्या वरचे प्रत्येकी ०.८ च्या जोराने ओढतील आणि खालचे ०.२ च्या. तोल कधी साधेल? खाली माणसे वरच्यांच्या चौपट असतील तेव्हा. म्हणजे ऐंशी खाली, वीस वर. झाले, हीच सिद्धता! आपल्या दहा दिवसांत ३३ आणि ३४ यांच्यामध्ये उत्तर ठेवा. वर दोन जण, त्यांचा जोर १.६. खाली आठ जण, त्यांचाही १.६. कोडमध्ये हे एका ओळीचे काम आहे :

```python
def pinball(y, p, q):
    e = y - p
    return torch.maximum(q*e, (q-1)*e).mean()
```

इथे `y` म्हणजे खरा वेळ, `p` नेटवर्कचा अंदाज आणि `q` हवा तो पर्सेंटाइल, जसे ०.८. दोन्हींची रांगांची रचना सारखी आहे ना, तेवढे बघा. एक उभी आणि एक आडवी राहिली तर प्रत्येक अंदाजाची प्रत्येक दिवसाशी वजाबाकी होते आणि संगणक चूकही दाखवत नाही.

आता मुलांना एक खोडकर प्रश्न विचारा. याच दहा दिवसांतून ९० वा पर्सेंटाइल काढा. उत्तर ५० ठेवले तर वर एक जण ०.९ ने आणि खाली नऊ जण मिळून ०.९ ने. तोल साधला. १०० ठेवले तरी तेच! ३४ पासून ११२ पर्यंत कुठलेही उत्तर चालते. याचा अर्थ दहा दिवसांच्या माहितीत या प्रश्नाचे उत्तरच नाही. जितका टोकाचा पर्सेंटाइल, तितकी जास्त माहिती लागते. दोनशे नोंदींवर ९९ वा पर्सेंटाइल काढलेला प्रोजेक्ट दिसला तर एवढेच विचारा, की त्या रेषेच्या वर किती नोंदी आहेत? दोन. मग त्या दोघांवर किती विश्वास ठेवायचा?

प्रत्यक्षात नेटवर्कला दोन उत्तरे द्यायला लावतात, एक १० व्या पर्सेंटाइलचे आणि एक ९० व्याचे. मधला पट्टा म्हणजे ८० टक्क्यांचा अंदाज : "बस २७ ते ३६ मिनिटांत पोहोचेल." दोन उत्तरे स्वतंत्रपणे शिकत असल्यामुळे कधीकधी खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा निघतो, जे हास्यास्पद आहे. त्यावर साधा उपाय असा, की नेटवर्कने खालचा आकडा आणि पट्ट्याची रुंदी द्यावी, आणि रुंदी `softplus` मधून काढावी म्हणजे ती ऋण होत नाही.

एवढे करून पट्टा छापला की प्रोजेक्ट संपला असे मुलांना वाटते. माझ्या मते खरी तपासणी इथे सुरू होते. ८० टक्के म्हटले आहे ना? मग न दाखवलेले २०० दिवस घ्या आणि मोजा. १६० च्या आसपास दिवस पट्ट्यात हवेत, साधारण २० खाली आणि २० वर. समजा १२६ च निघाले, २४ खाली आणि ५० वर. म्हणजे पट्टा अरुंद आहे आणि उशिराच्या बाजूला जास्त फसवतोय. नेटवर्कच्या बाबतीत हे वारंवार दिसते. पाहिलेल्या दिवसांना ते इतके घट्ट चिकटते की त्याला आपली खात्री वाजवीपेक्षा जास्त वाटू लागते.

दुरुस्तीचा एक चांगला मार्ग रोमानो, पॅटरसन आणि कांदेस यांनी २०१९ मध्ये दिला. शिकवताना न वापरलेले वेगळे ९९ दिवस बाजूला ठेवा. प्रत्येक दिवशी खरा वेळ पट्ट्याच्या किती बाहेर पडला ते लिहा. आत असेल तर जवळच्या कडेपासूनचे अंतर ऋण चिन्हाने लिहा. हे ९९ आकडे चढत्या क्रमाने लावा आणि ८० वा उचला, कारण ९९ अधिक १ चे ८० टक्के म्हणजे ८०. तो समजा २.५ मिनिटे आला, तर यापुढचा प्रत्येक पट्टा दोन्ही बाजूंनी २.५ ने रुंद करा. २७ ते ३६ चा होईल २४.५ ते ३८.५. नेटवर्क पुन्हा शिकवायची गरज नाही.

यात अट एकच, की बाजूला ठेवलेले दिवस आणि पुढचे दिवस एकाच जातकुळीचे हवेत. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांवर रुंदी ठरवून तो पट्टा जुलैत वापरला तर हमी संपली. शिवाय ही हमी एकूण दिवसांची असते, प्रत्येक प्रकारच्या दिवसाची नाही. तपासणीच्या २०० दिवसांपैकी १५० कोरडे आणि ५० पावसाचे होते असे धरा. कोरड्यांपैकी १३५ पट्ट्यात आणि पावसाच्यांपैकी २५. बेरीज १६०, अगदी बरोबर ८० टक्के. पण पावसाच्या दिवशी तो पट्टा दोनातून एकदा चुकतोय, आणि थांब्यावरच्या आईला त्याच दिवशी तो खरा हवा असतो. म्हणून मी मुलांकडून टक्केवारी महिन्यानुसार फोडून मागतो, पाऊस इनपुटमध्ये घ्यायला लावतो आणि तरीही फरक राहिला तर पावसाच्या दिवसांची रुंदी त्यांच्याच नोंदींवरून वेगळी ठरवायला सांगतो.